पीएस५चा बंडल घेऊन सव्वा वर्ष झालं, आता हिशेब मांडतो

मी अमळनेरला एका जिनिंगच्या ऑफिसात हिशेब बघतो, त्यामुळे हे लिहिताना आकडे जास्त येतील, चालवून घ्या. जानेवारी २०२३ मध्ये जळगावच्या एका दुकानातून पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल घेतला. डिस्कवाला साधा सेट तेव्हा ५४,९९० रुपयांना होता. मी ६६,५०० देऊन आलो.

मधले साडेअकरा हजार कशाचे? त्यातले सुमारे साडेचार हजार बंडलचे, म्हणजे कंपनीनेच सेटसोबत दिलेल्या 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' या गेमचे. उरलेले सात हजार दुकानदाराच्या 'कॉम्बो'चे. त्यात कंट्रोलरचा चार्जिंग स्टँड, एक हेडसेट, कंट्रोलरला घालायचं सिलिकॉन कव्हर आणि आदल्या वर्षीच्या फुटबॉल गेमची डिस्क होती. "नुसता सेट नाही भाऊ, कॉम्बोतच आहे," असं तो म्हणाला. दोन वर्षं माल मिळत नव्हता, त्यात सगळीकडे हेच चाललं होतं, म्हणून मीही मुकाट्याने पैसे मोजले.

घरी आल्यावर भाच्याने खोका उघडला आणि ओरडला, "मामा, डबामा तं डिस्कच नही शे!" खरंच नव्हती. होता एक कागद, त्यावर बारा अक्षरांचा कोड. डिस्कवाला सेट घेतला तरी बंडलमधला गेम डाउनलोडचाच असतो, हे मला खोका उघडेपर्यंत माहीत नव्हतं. बाहेरच्या पुठ्ठ्यावर व्हाउचर असा शब्द बारीक अक्षरांत असतो, तो मी वाचलाच नव्हता.

कोड टाकला तर चालेना. भाच्याने मित्राचं ऐकून आधीच खातं उघडून ठेवलेलं, देश अमेरिका निवडून. कोड भारताचा होता, आणि प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा ठरला की बदलता येत नाही. शेवटी माझ्या नावाने भारताचं नवं खातं काढलं, त्यावर कोड टाकला आणि सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू केलं. तेव्हा त्याच्या खात्यावरूनही गेम सुरू झाला. पण मालकी माझ्या खात्याची. उद्या त्याने पुण्याला स्वतःचा सेट घेतला तर हा गेम त्याच्यासोबत जाणार नाही. कोडला मुदत असते हेही लक्षात ठेवा. जुना पडून असलेला बंडल स्वस्तात मिळत असेल तर आधी तारीख बघा. गेम ऐंशी जीबीच्या वरचा, आमचं नेट चाळीस एमबीपीएसचं, म्हणजे कागदावर पाच तास. मध्ये लाईट गेली, रात्र त्यातच सरली.

गेम उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. दोघांनी मिळून मार्चअखेर संपवला (माझी वर्षअखेरची कामं सांभाळून, हे विशेष). खरा हिशेब त्यानंतर कळला. याच गेमची डिस्क तेव्हा ४,९९९ ला होती. ऑफिसातल्या एका पोराने तीच डिस्क घेतली, दोन महिने खेळला आणि अडीच हजाराला विकली. म्हणजे त्याला गेम पडला अडीच हजाराला. मला बंडलमध्ये तो पाचशेने स्वस्त मिळाला होता, पण कोड एकदा वापरला की विकता येत नाही, म्हणून मला पूर्ण साडेचार हजाराला पडला. घेताना पाचशेचा फायदा, शेवटी दोन हजाराचा तोटा. जो माणूस गेम संपला तरी विकत नाही, वर्षभराने परत खेळतो, त्याला मात्र बंडल परवडतो. आमच्या घरी तसं नाही. संपलेला गेम म्हणजे झाडून घेतलेलं कपाशीचं शेत.

कॉम्बोचं थोडक्यात सांगतो. चार्जिंग स्टँड रोज वापरतो. तो दोन कंट्रोलरचा आहे आणि आमच्याकडे कंट्रोलर एकच आहे, तरी दीड हजाराची वस्तू समजू. फुटबॉलची डिस्क अकराशेला विकली. सिलिकॉन कव्हर मे महिन्यात काढून फेकलं. आपल्याकडच्या चव्वेचाळीस डिग्रीत हात असे घामेजतात की कंट्रोलर निसटतो. हेडसेटचा डावा कान चौथ्या महिन्यात बंद पडला. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "ते फ्रीमध्ये होतं, त्याला वॉरंटी नाही." फ्री? सात हजार घेऊन? पण बिल काढून पाहिलं तर एकाच ओळीत 'पीएस५ कॉम्बो' आणि एकच रक्कम. मी रोज दुसऱ्यांची बिलं तपासतो, आणि स्वतःचं तपासलं नाही! वस्तू वेगवेगळ्या लिहिल्या असत्या तर कन्सोलवर तेव्हाचा २८ टक्के आणि हेडसेटवर १८ टक्के जीएसटी दिसला असता, आणि हेडसेट पैसे देऊन घेतल्याचा पुरावाही हातात राहिला असता. एका रकमेत सगळं बांधलं की हेडसेटलाही चढाच दर लागतो. एकूण सात हजारातले साडेचार हजार पाण्यात.

वर जुलै २०२३ मध्ये कंपनीनेच त्याच सेटवर साडेसात हजाराची सूट काढली. ते नशीब, त्यावर बोलत नाही.

मग लिमिटेड एडिशनचं काय? भाच्याला सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या स्पायडरमॅन २ च्या सेटने वेड लावलं होतं. काळ्या-लाल रंगाच्या बाजूच्या प्लेटा, तसाच कंट्रोलर आणि गेमचं व्हाउचर. अमेरिकेत तो ६०० डॉलरला होता, साधा सेट ५०० ला. सुटं घ्यायचं तर गेम ७० डॉलर, प्लेटा ६५, आणि साध्या कंट्रोलरपेक्षा रंगीत कंट्रोलर १० ने महाग. म्हणजे १४५ चा माल १०० मध्ये. ऐकायला छान. पण त्यातल्या ६५ च्या प्लेटा मी सुट्या घेतल्या असत्या का? नाही. त्या बाजूला ठेवल्या तर ८० च्या वस्तूंना १०० मोजायचे. शिवाय आता स्लिम मॉडेल आलंय आणि जुन्या सेटच्या प्लेटा त्याला बसत नाहीत. सेट बदलला की त्या माळ्यावर. सोबत मिळणारे पोशाख आणि स्किल पॉइंट म्हणजे गेममध्ये पुढे मिळणाऱ्याच गोष्टी आधी हातात.

उलटं उदाहरणही बघितलंय. भुसावळच्या मित्राने निन्टेंडो कंपनीच्या स्विच ओलेड या कन्सोलची, झेल्डा 'टिअर्स ऑफ द किंगडम' या गेमच्या नक्षीची आवृत्ती घेतली. अमेरिकेत ती साध्या ओलेडपेक्षा फक्त १० डॉलरने महाग होती, कारण त्यात गेमच नाही, नुसती सोनेरी-हिरवी नक्षी. नक्षीला १० डॉलर हा मला वाजवी भाव वाटतो. पण आपल्याकडे निन्टेंडो अधिकृत विकत नाही, त्यामुळे बाहेरून आणणाऱ्याने त्या नक्षीचे मित्राकडून सहा हजार लावले. गेम वेगळा घ्यावा लागला तो लागलाच. तो म्हणतो, "मला दिसायलाच हवा होता." त्याच्या घरी तो काचेच्या कपाटात असतो, पाहुणे आले की बाहेर निघतो. त्याचे पैसे वसूल झालेत, हे मान्य.

मागच्या आठवड्यात त्याच दुकानदाराचा फोन आला, स्लिमचा नवा कॉम्बो आलाय म्हणून. मी विचारलं, नुसता सेट कितीला, आणि बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिहून देणार का? म्हणाला, "भाऊ, नुसता सेटही आहे हो, ५४,९९०."