अ‍ॅम्बेसेडरच्या कॅमशाफ्टसाठी झिंकवालं ऑइल: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडे १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची जुनी अ‍ॅम्बेसेडर आहे. इंजिन ब्रिटिश कंपनी बीएमसीच्या बी-सिरीजचं, म्हणजे कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, त्याच्या लोबवर, म्हणजे फुगवट्यांवर, सपाट तळाचे टॅपेट आणि वर पुशरॉड, रॉकर. गेल्या वर्षी इंजिन उघडलं तेव्हा कॅमशाफ्ट आणि आठही टॅपेट नवे टाकावे लागले. त्यानंतर ऑइल निवडताना बराच शोध घेतला आणि गाडी नागपूरच्या उन्हाळ्यातही चालवली. ज्यांच्याकडे अशी इंजिनं आहेत त्यांच्यासाठी हा अनुभव.

झिंकची गरज का पडते, ते आधी. आजच्या बऱ्याच इंजिनांत लोबवर रोलर फिरतो. आपल्याकडे लोखंड लोखंडावर घासत जातं, आणि लोबचं टोक टॅपेटवर येतं त्या क्षणी सगळा दाब एका बारीक रेषेवर असतो. तिथे ऑइलचा थर टिकत नाही, पिळून बाहेर जातो. अशा वेळी झेडडीडीपी हे झिंक आणि फॉस्फरसचं संयुग उपयोगी पडतं. घर्षण आणि उष्णतेने ते तिथेच मोडतं आणि धातूवर काचेसारखा कडक थर बसवतं. हा थर झिजतो आणि ऑइलमधून पुन्हा तयार होतो, म्हणून ऑइलमध्ये त्याचा साठा असावा लागतो. खरं संरक्षण फॉस्फरस देतो. झिंक साधारण त्याच प्रमाणात सोबत असतं, म्हणून बोलताना सगळे झिंकच म्हणतात.

नव्या ऑइलमध्ये हे कमी का झालं? जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून ऑइलच्या श्रेणी ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकन संस्थेने एसएम (२००४) आणि एसएन (२०१०) या श्रेणींत फॉस्फरसवर ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम, अशी कमाल मर्यादा घातली. पण ही मर्यादा सगळ्या ऑइलना नाही, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० ना तशी कमाल अट नाही. त्यामुळे डब्यावर एसएन दिसलं की ऑइल जुन्या गाडीला वाईटच, असं समजू नका. उलट २०डब्ल्यू-५० म्हणजे झिंक भरपूरच, असंही समजू नका, कारण उत्पादक स्वतःच्या मर्जीने कमी घालू शकतो. खात्री फक्त त्या ऑइलच्या तांत्रिक पत्रकातून होते. झिंक आणि फॉस्फरसचे आकडे पीपीएममध्ये दिले असतील तरच घ्या. नुसतं ‘वाढीव संरक्षण’ लिहिलेलं पत्रक मी बाजूला ठेवतो.

मी निवडलं ते १५डब्ल्यू-४० मिनरल, सीआय-४ श्रेणीचं. मूळ डिझेल ट्रकसाठीचं, पण डब्यावर पेट्रोलची एसएल श्रेणीही होती, आणि पत्रकात झिंक १२०० पीपीएमच्या आसपास. आमच्या वस्तादांनी डबा पाहून विचारलं, “दादा, डिझेलचं ऑइल पेट्रोलमध्ये?” एसएल छापलेलं दाखवलं तेव्हा त्यांचं समाधान झालं.

नवीन कॅम बसवताना पहिल्या वीस-तीस मिनिटांत बरंच ठरतं. लोब आणि टॅपेटला असेंब्ली पेस्ट लावून इंजिन चालू केलं आणि आयडलवर न सोडता २००० ते २५०० आरपीएमवर कमीजास्त करत ठेवलं. आयडलवर लोबवर ऑइल कमी उडतं, आणि टॅपेटने आपल्या जागी फिरायला सुरुवात करायची असते. जो टॅपेट फिरत नाही, तो एकाच रेषेवर घासून लोबला खातो. जुना टॅपेट नव्या कॅमवर कधीच ठेवू नका. जुनाच कॅम राहणार असेल, तर प्रत्येक टॅपेट काढला त्याच भोकात परत गेला पाहिजे.

झीज ओळखायला लोक टॅपेटचा गॅप तपासतात, आणि इथे फसगत होते. गॅप मोजतो तो लोबच्या गोल पाठीवर. लोबचं टोक झिजलं तरी पाठ तशीच राहते, म्हणून गॅप बरोबर दाखवतो आणि व्हॉल्व्ह मात्र कमी उघडतो. गॅप वाढत गेला तर टॅपेटचा तळ किंवा रॉकरचं टोक झिजत असल्याची शक्यता जास्त. म्हणून मी पुशरॉडवर डायल गेज लावून उचल मोजतो. इनलेटची इनलेटशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी तुलना. एखादी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी असेल तर तोच लोब गेला आहे. काम झाल्यावर आकडे लिहून ठेवले होते. मागच्या ऑइल बदलावेळी पुन्हा मोजले, आणि गेजच्या चुकीत बसेल एवढाच फरक होता.

शंका आली तर या इंजिनात कॅम न काढता टॅपेट पाहता येतात. रॉकर आणि पुशरॉड काढायचे, मॅनिफोल्ड बाजूला करायचा, ब्लॉकच्या कुशीतली दोन झाकणं उघडायची आणि टॅपेट वर उचलायचे. रॉकरच्या काही नटांनी हेडही धरलेलं असतं, म्हणून आधी पाणी काढा आणि सगळे हेड नट थोडेथोडे, समान ढिले करा. टॅपेटचा तळ सपाट किंवा किंचित फुगीर, चकचकीत हवा. मधे खोलगट किंवा टोचे पडलेले असतील तर तो गेला. कठीण थर खाल्ला गेलेल्या लोबला कुठलंही ऑइल वाचवत नाही.

वेगळी झिंकची बाटली ओतणाऱ्यांनी आधी हिशोब करावा. चार लिटर ऑइल म्हणजे साधारण साडेतीन किलो. झिंक ८०० वरून १२०० पीपीएमला न्यायचं तर हवं फक्त १.४ ग्रॅम झिंक. संयुगात झिंक साधारण आठ टक्के धरलं, तर सुमारे १७ ग्रॅम. बाटलीवर टक्केवारी नसेल तर किती ओततो आहोत हे कळतच नाही, आणि अतिही नुकसान करतं. फॉस्फरस १४०० पीपीएमच्या वर नेण्यात लाभ नाही, २००० च्या आसपास तर लोखंडाचं पापुद्र्याने सुटणं वाढतं. बाटलीपेक्षा आधीच पुरेसं झिंक असलेलं ऑइल बरं.

आता या सीआय-४ ऑइलच्या उणिवा. यातलं डिटर्जंट जोरदार असतं, जुना गाळ सोडवतं. पहिल्या भरणीत फिल्टर लवकर काळा होतो, म्हणून ते ऑइल मी ५०० किलोमीटरलाच काढलं. दुसरं म्हणजे गळती. या तीन बेअरिंगच्या इंजिनात मागे खऱ्या सीलऐवजी ऑइल परत वळवणारी आटी असते. गरम झालेलं १५डब्ल्यू-४० तिथून जास्त टपकतं, उभ्या गाडीखाली डाग दिसतो. उन्हाळ्यात आयडलवर प्रेशरही मला हवं त्यापेक्षा खाली जातं. म्हणून येत्या मार्चमध्ये २०डब्ल्यू-५० भरणार आहे, ज्याच्या पत्रकात झिंकचा आकडा आहे तेच, आणि थंडीत पुन्हा १५डब्ल्यू-४०.