पूर्वनोंदणी की रजिस्टर्ड रिपोर्ट? प्रयोग सुरू करण्याआधीची निवड

मानसशास्त्रातला एखादा प्रयोग हाती घेताना आज दोन रस्ते समोर असतात. पहिला म्हणजे पूर्वनोंदणी, म्हणजे आपली योजना ओएसएफसारख्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवून ठेवायची आणि मग काम सुरू करायचं. दुसरा म्हणजे रजिस्टर्ड रिपोर्ट, म्हणजे माहिती गोळा करण्याआधीच योजना नियतकालिकाकडे परीक्षणासाठी पाठवायची. नाव सारखं वाटलं तरी दोन्ही वेगवेगळी दुखणी बरी करतात.

दुखणं कुठलं, हे एका काल्पनिक प्रयोगावरून पाहू. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातलं लिहून काढल्यानं ताण कमी होतो का? लिहिणारे २० आणि न लिहिणारे २० जण घेतले. ताण प्रश्नावलीनंही मोजला आणि नाडीच्या ठोक्यांवरूनही. नाडीत काही दिसलं नाही, प्रश्नावलीत पी-मूल्य, म्हणजे मुळात परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०८ आलं. ते ०.०५ च्या खाली असेल तरच निकाल 'लक्षणीय' धरतात. मग प्रत्येक गटात आणखी दहा जण घेतले, लिंगाचा घटक विश्लेषणात धरला आणि पी-मूल्य ०.०४ झालं. शोधनिबंधात फक्त प्रश्नावली आली. खोटं कुणीच बोललं नाही, पण निष्कर्ष मात्र पोकळ. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन यांनी २०११ मध्ये संगणकावर असंच करून पाहिलं: अशा चार सवलती एकत्र घेतल्या, तर मुळात काहीच परिणाम नसतानाही 'परिणाम सापडला' असं म्हणण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर जाते.

छोटा नमुना या दुखण्यात भर घालतो. खरा परिणाम मध्यम असेल, म्हणजे दोन गटांतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा असेल, तर २०-२० जणांच्या प्रयोगात तो पकडला जाण्याची शक्यता तीनात एक एवढीच असते. शिवाय इतक्या कमी लोकांत फरक सुमारे ०.६४ प्रमाण विचलनाहून मोठा दिसला तरच तो 'लक्षणीय' ठरतो. म्हणजे जो निष्कर्ष छापून येतो तो फुगलेलाच असतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा केले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के लक्षणीय होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच उरले, आणि परिणामांचा आकार सरासरी निम्म्यावर आला.

आता पहिला रस्ता. पूर्वनोंदणीला परवानगी लागत नाही, ती एका दिवसातही होते, आणि आपली कल्पना उघडी पडेल अशी धास्ती असेल तर नोंद काही काळ गोपनीयही ठेवता येते. पण तिचं सगळं बळ शब्दांच्या नेमकेपणात आहे. 'ताणावरचा परिणाम तपासू' अशा नोंदीचा उपयोग शून्य, कारण वरच्या सगळ्या पळवाटा तिच्यात मोकळ्या राहतात. 'प्रत्येक गटात ६४ जण. मुख्य मोजमाप प्रश्नावलीची बेरीज. अपूर्ण उत्तरं देणारे वगळू. तुलना टी-चाचणीनं, लिंगासारखा कुठलाही जादा घटक न धरता' असं लिहिलं तर वाचकाला ताडून पाहता येतं. (वर सांगितलेला मध्यम परिणाम पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी, तर ६४ लागतात.) अडचण अशी की ताडून पाहतं कोण? परीक्षकांनी नोंद उघडलीच नाही तर योजनेपासून ढळलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. आणि निकाल नकारात्मक आला तर तो छापला जाईल याची हमीही नाही.

दुसऱ्या रस्त्याचं खरं मोल इथंच आहे. ही पद्धत 'कॉर्टेक्स' या नियतकालिकानं २०१३ मध्ये सुरू केली. योजना परीक्षणात टिकली की तत्त्वतः स्वीकृती मिळते. मग ठरल्याप्रमाणे काम केलं तर निकाल काहीही येवो, निबंध छापला जातो. त्यामुळे पी-मूल्य खाली ओढण्याचा मोहच संपतो. शील, स्खायन आणि लाकेन्स यांनी २०२१ मध्ये दोन्ही प्रकारचे निबंध शेजारी ठेवले: नेहमीच्या निबंधांत ९६ टक्के गृहीतकं खरी ठरली होती, रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्के. दोन्हींत गृहीतकं सारखीच धाडसी होती असं म्हणता येत नाही, तरी एवढी दरी नुसत्या त्यानं भरून निघेल असं मला वाटत नाही.

किंमत मात्र वेळेची आहे. परीक्षणाला काही महिने जातात आणि तोवर एकही माणूस प्रयोगात घेता येत नाही. नमुनाही मोठा मागतात: परिणाम पकडण्याची शक्यता ९० टक्के हवी म्हटली की ६४ चे ८६ होतात.

प्रबंध वर्षभरात द्यायचा असेल, तर पूर्वनोंदणी करा, आणि ढळलात तर कुठे व का ते निबंधातच लिहा. प्रश्न वादग्रस्त असेल, किंवा 'परिणाम नाही' हे उत्तरही तितकंच महत्त्वाचं असेल, तर महिने गेले तरी रजिस्टर्ड रिपोर्टच घ्या. आणि गृहीतकच अजून पक्कं नसेल, नुसतं चाचपून पाहायचं असेल, तर दोन्हींची गरज नाही. निबंधात 'अन्वेषणात्मक' असं स्पष्ट लिहा आणि पी-मूल्यावर दावा उभारू नका.