त्रिकोणाच्या कोपऱ्यावरचा प्रभार: x-अक्ष बाजूवर ठेवायचा की कोनदुभाजकावर?

कूलोमचा नियम येतो, सदिशाचे घटक काढता येतात, हे धरून चालतो. प्रश्न एवढाच आहे की अक्ष कुठे ठेवायचे. अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना मी दोन्ही पद्धती भरपूर वापरल्या आहेत.

उदाहरण नेहमीचंच घेऊ. समभुज त्रिकोण PQR, बाजू 10 सेमी, तिन्ही कोपऱ्यांवर +1 मायक्रोकूलोम. P वरचं निव्वळ बल हवं आहे. Q आणि R मुळे P वर प्रत्येकी 0.9 न्यूटन प्रतिकर्षण येतं, इथपर्यंत वाद नाही.

पहिली पद्धत: P ला आरंभबिंदू, PQ बाजूवर x-अक्ष, R वरच्या अंगाला. Q चं बल सरळ −0.9 न्यूटन, त्याचे घटक करावेच लागत नाहीत. R च्या बलाचे घटक −0.45 आणि −0.78. बेरीज (−1.35, −0.78), परिमाण 1.56 न्यूटन. काम सरळसोट आहे, त्यात युक्ती काही नाही.

माझं बिनसतं ते यापुढे. दिशेसाठी मुलं 0.78 ला 1.35 ने भागतात, tan व्यस्त घेतात आणि 30° लिहून मोकळी होतात. दोन्ही घटक ऋण, म्हणजे भागाकार धन. तेवढ्यात चरण हरवतो. खरी दिशा आहे 210°. 30° ची दिशा त्रिकोणाच्या आत, Q आणि R च्या मधोमध जाते. दोन धन प्रभार तिसऱ्या धन प्रभाराला स्वतःकडे ओढताहेत, असं ते उत्तर म्हणतं! आकृतीकडे एकदा पाहिलं तरी चूक दिसावी, पण तोवर आकृती मागच्या पानावर गेलेली असते. परिमाण बरोबर आणि दिशा बरोबर उलटी, अशी उत्तरं मी इतकी तपासली आहेत की माझं मत तिथेच झुकलं.

दुसरी पद्धत: कागद फिरवून P वर आणा, Q डावीकडे खाली, R उजवीकडे खाली. एक अक्ष P च्या कोनाच्या दुभाजकावर, दुसरा त्याला लंब. दोन्ही बलं दुभाजकाशी 30° करतात. आडवे घटक समान आणि विरुद्ध, ते गेले. उभे मिळून 2 × 0.9 × cos 30°, म्हणजे 1.56 न्यूटन, सरळ वर. वर्गमूळ नाही, tan नाही, चरणाचा घोळ नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की सममिती मोडली की ही सोय संपते. मला तसं वाटत नाही. Q वर +3 मायक्रोकूलोम ठेवा. आता बलं 2.7 आणि 0.9. दुभाजकावर बेरीज येते: 3.6 × cos 30° = 3.12. आडव्या दिशेत वजाबाकी येते: 1.8 × sin 30° = 0.9. निव्वळ बल सुमारे 3.25 न्यूटन, दुभाजकापासून साधारण 16° उजवीकडे कललेलं. डावीकडचा Q जोरात ढकलतो, म्हणून कल उजवीकडे. हे गणिताआधीच सांगता येतं.

आता Q वर +1 आणि R वर −1 घ्या. प्रतिकर्षण धन, आकर्षण ऋण धरलं तर बेरीज शून्य आणि वजाबाकी 1.8. मग निव्वळ बल फक्त 0.9 न्यूटन, QR ला समांतर, Q कडून R कडे. √3F पाठ करून आलेला मुलगा इथेच अडकतो. एक पथ्य मात्र पाळावं: चिन्ह सूत्रात घेतलं की बाण उलटा काढायचा नाही, नाहीतर तेच ऋण दोनदा मोजलं जातं.

त्रिकोण विषमभुज असला तरी बेरीज-वजाबाकीची ही मांडणी टिकते. 30° च्या जागी P च्या कोनाचा अर्धा कोन येतो आणि दोन्ही बलं आपापल्या अंतरांवरून काढायची. दुभाजक समोरच्या बाजूच्या मध्यातून जाईलच असं मात्र तिथे धरू नये.

तरी बाजूवरच्या अक्षाला मोडीत काढावं असं नाही. P ला काटकोन असेल तर दोन्ही बलं आपसूक अक्षांवरच पडतात. तिथे दुभाजक काढणं म्हणजे उगाच 45° मागे लावून घेणं. आणि तिन्ही प्रभारांवरची बलं विचारली असतील तर मीही एकच अक्षजोडी घेतो. दर कोपऱ्याला कागद फिरवला की उत्तरं एकमेकांत मिळवता येत नाहीत, आणि तिन्ही बलांची सदिश बेरीज शून्य येते का ही फुकटची पडताळणी हातची जाते.