60 दिवसांचं रिझर्वेशन: गणपतीत एक दिवस चुकलो त्याची गोष्ट

रेल्वेचं अ‍ॅडव्हान्स बुकिंग 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 वरून 60 दिवसांवर आलं, तेव्हापासून घरातली सगळी तिकीटं मीच काढतोय, त्यामुळे आता अनुभव लिहायला हरकत नाही. रजेच्या दृष्टीने मला 60 च बरे वाटतात, चार महिने आधी कोण सांगणार साहेबाला. पण तारीख मोजताना मी सपाटून मार खाल्लाय.

मागच्या वर्षी चतुर्थी 27 ऑगस्टला होती. आम्ही पनवेलला चढतो. 24 च्या रात्रीची कोकणकन्या पनवेलला येते बारा वाजून गेल्यावर, म्हणजे आमच्या तिकिटावर तारीख 25 ऑगस्ट. त्यातून 60 वजा केले, 26 जून आला, आणि 26 ला सकाळी पावणेआठलाच लॉगिन करून बसलो. आठ वाजले तर स्लीपरला भलंमोठं वेटिंग! बुकिंग आदल्या दिवशीच उघडलं होतं. कारण 60 दिवस मोजतात ते गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून सुटते त्या तारखेपासून, आपण चढतो त्या तारखेपासून नाही. कोकणकन्या सीएसएमटीहून 24 ला सुटणार म्हणून बुकिंग 25 जूनला. बायको अजून ऐकवते.

येताना हीच भानगड, फक्त नीट दिसत नाही. रत्नागिरीहून नेत्रावती पकडायची तर ती तिरुवनंतपुरमहून आदल्या दिवशी निघालेली असते. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला, आम्हाला रविवारी 20 ला परत यायचंय, म्हणजे गाडी सुटणार 19 ला आणि बुकिंग 21 जुलैला सकाळी 8 ला, 22 ला नाही. सर्च करताना मात्र रत्नागिरीची 20 तारीखच टाकायची. जायची कोकणकन्या 11 च्या रात्रीची, ती 13 जुलैला. म्हणजे जायचं-यायचं एकाच दिवशी बसून होत नाही, दोन सकाळी राखून ठेवा.

आणि 60 दिवस म्हणजे दोन महिने असं धरू नका, प्रवासाचा दिवस सोडून मोजायचे. 14 सप्टेंबरचे दोन महिने मागे 14 जुलै, पण जुलै-ऑगस्ट मिळून 62 दिवस, म्हणून तारीख दोन दिवस पुढे, 16 जुलै. उलट 20 मार्चच्या गाडीला मधे फेब्रुवारी येतो, 31 आणि 28 मिळून 59 च, म्हणून 20 नाही तर 19 जानेवारी. मी आता बोटांवर मोजत नाही, गाडी सुटायची तारीख एक्सेलमध्ये टाकतो:

```
=A1-60
```

ती सुटायची तारीख कळायला गाडीचं टाईमटेबल उघडा, आपल्या स्टेशनसमोर डे 1 आहे की डे 2 ते बघा. डे 2 असेल तर चढायच्या तारखेतून आधी एक दिवस कमी करा, मग 60.

गणपती स्पेशलला मात्र हे गणित लावू नका, त्यांचं बुकिंग कधी उघडणार ते वेगळं जाहीर होतं.