सात महिने एकच साखर कारखाना: कॉस्ट कंट्रोल, कॉस्ट रिडक्शन आणि युनिफॉर्म कॉस्टिंगच्या छोट्या प्रश्नांचा वापरानंतरचा अनुभव

कॉस्टिंगच्या पेपरमधले हे तीन छोटे थिअरी प्रश्न बहुतेक विद्यार्थी दोन रकान्यांचे तक्ते पाठ करून लिहितात. त्याऐवजी तिन्ही प्रश्नांना एकच साखर कारखाना उदाहरण म्हणून धरायचा, ही पद्धत सात महिने सरावाच्या उत्तरपत्रिकांत वापरून पाहिली. कुठे ती चालते आणि कुठे अडते, ते सविस्तर लिहितो.

आधी वेळेचा हिशेब. तीन तासांत शंभर गुण धरले तर चार गुणांना साधारण सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात सव्वाशे शब्द होतात. म्हणजे व्याख्येचं एक वाक्य, फरकाचे तीन मुद्दे आणि दोन ओळींचं उदाहरण. पाठ केलेला आठ मुद्द्यांचा तक्ता यात बसतो, पण त्यातले निम्मे मुद्दे एकाच गोष्टीची वेगळी शब्दरचना असते.

कंट्रोल आणि रिडक्शनच्या प्रश्नाला या पद्धतीचा सर्वांत जास्त फायदा होतो. कारखान्याने वाफेच्या वापराचं प्रमाण उसाच्या वजनाच्या 45 टक्के ठरवलं आहे आणि प्रत्यक्षात 48 टक्के वाफ जाते आहे असं धरा. गळक्या झडपा आणि उघड्या पडलेल्या पाइपांचं इन्सुलेशन दुरुस्त करून वापर पुन्हा 45 वर आणला, तर ते कॉस्ट कंट्रोल. ठरलेलं प्रमाण योग्य मानलं, विचलन शोधलं, दुरुस्त केलं आणि काम तिथे थांबलं. आता कोणी विचारलं, 45 च का? रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरची रचना बदलून, वाफ पुन्हा पुन्हा वापरात घेऊन तोच कारखाना 38 टक्क्यांवर आला, तर ते कॉस्ट रिडक्शन. इथे प्रमाणालाच आव्हान दिलं. पुढच्या हंगामात 38 हेच नवं प्रमाण ठरतं आणि त्यावर पुन्हा कंट्रोल सुरू होतो. या शेवटच्या वाक्यातून दोन्हींचं नातं दिसतं, आणि नेमकं तेच वाक्य बहुतेक उत्तरांत नसतं.

आकडाही देता येतो. एक किलो बगॅसपासून, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोथ्यापासून, ढोबळमानाने 2.2 किलो वाफ मिळते. 45 वरून 38 म्हणजे टनामागे 70 किलो वाफ वाचली, म्हणजेच सुमारे 32 किलो बगॅस. ती विकता येते किंवा वीजनिर्मितीला लावता येते. बचत कुठून आली हे असं दाखवलं की ‘प्रत्येक युनिटच्या खर्चात खरी आणि कायमची घट’ या व्याख्येतल्या ‘खरी’ शब्दाला अर्थ येतो.

याच व्याख्येचा दुसरा भाग, ‘वस्तूची उपयुक्तता आणि दर्जा न घटवता’, हमखास सुटतो. रस शुद्ध करताना गंधकाचा वापर गरजेपेक्षा कमी केला तर क्विंटलमागचा खर्च उतरतो, पण साखरेचा रंग बिघडतो. ते कॉस्ट रिडक्शन नव्हे. चुन्याचा बाजारभाव एका हंगामापुरता पडला, तेही नव्हे, कारण ती घट कारखान्याने केलेली नाही आणि टिकणारीही नाही. बंद हंगामातली यंत्रांची देखभाल पुढे ढकलली, तर ती फक्त पुढच्या वर्षावर टाकलेली उधारी. ‘बरोबर की चूक, कारण द्या’ या प्रकारच्या प्रश्नांत ही तीन उदाहरणं फार उपयोगी पडली.

युनिफॉर्म कॉस्टिंगच्या बाबतीत एक चूक इतकी वारंवार दिसते की आधी तीच खोडून काढायला हवी: ही कॉस्टिंगची वेगळी पद्धत नाही. एकाच उद्योगातल्या अनेक संस्थांनी समान तत्त्वं आणि समान रीती वापरायचं ठरवणं, एवढाच तिचा अर्थ. प्रोसेस कॉस्टिंग तेच राहतं, नियम सगळ्यांचे सारखे होतात.

गोल आकड्यांचा नमुना घेऊ. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन कारखान्यांचा साखर उतारा 10 टक्के, म्हणजे एक टन उसातून एक क्विंटल साखर. ऊस आणि तोड-वाहतूक मिळून दोघांचा खर्च 3,300 रुपये. ‘अ’चा प्रक्रिया खर्च 620. टनामागे 40 किलो मळी निघते, 10 रुपये किलो दराने तिचे 400 रुपये ‘अ’ खर्चातून वजा करतो. त्याचा आकडा येतो 3,520. ‘ब’चा प्रक्रिया खर्च 600, पण तो कर्जावरचं 120 रुपये व्याज उत्पादनखर्चात धरतो आणि मळीची विक्री ‘इतर उत्पन्न’ म्हणून वेगळी दाखवतो. त्याचा आकडा 4,020. कागदावर ‘ब’ पाचशे रुपयांनी महाग. व्याज बाहेर ठेवायचं आणि मळीचं मूल्य वजा करायचं, एवढे दोन नियम दोघांना लावले की ‘ब’ 3,500 वर येतो, म्हणजे उलट वीस रुपयांनी स्वस्त निघतो. युनिफॉर्म कॉस्टिंगशिवाय तुलना का निरर्थक, याचं उत्तर इथेच संपतं. उत्तरपत्रिकेत हा पूर्ण हिशेब लिहू नका. ‘व्याज आणि उपउत्पादनाची वजावट वेगळी असल्याने 500 रुपयांचा खोटा फरक’ एवढं पुरतं.

इंटर-फर्म कंपॅरिझनमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या एकमेकांशी तुलनेत, उदाहरण जपून वापरावं लागतं. समान नियम झाले तरी तुलना लगेच न्याय्य होत नाही. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातला उतारा मराठवाड्यापेक्षा साधारणपणे जास्त असतो. त्यात जमीन, हवामान आणि उसाच्या जातीचा वाटा मोठा आहे, त्यामुळे निव्वळ उताऱ्यावरून व्यवस्थापनाला शाबासकी किंवा दोष देता येत नाही. शिवाय एखादा कारखाना इथेनॉलसाठी बी-हेवी मळी काढत असेल, तर साखरेचा काही अंश मुद्दाम मळीत सोडलेला असतो. त्याचा उतारा कमी दिसतो, पण ती अकार्यक्षमता नसते. म्हणून उताऱ्यापेक्षा बगॅस आणि रस गाळून उरलेल्या प्रेसमडमधून वाया गेलेली साखर, टनामागची वाफ, बंद राहिलेले गाळपाचे तास अशी गुणोत्तरं ताडून पाहणं बरं.

बाकी मुद्दे नेहमीचेच: माहिती गोळा करणारी त्रयस्थ मध्यवर्ती संस्था, सभासदांना नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, ठरलेल्या मुदतीत आकडे. मर्यादांमध्ये गुप्ततेची भीती सगळे लिहितात. पण सभासद कारखान्यात मुळात नीट कॉस्टिंगच नसणं ही त्याहून मोठी अडचण आहे, ती आधी लिहावी.

पद्धत अडते ती ‘युनिफॉर्म कॉस्ट मॅन्युअलमध्ये काय असतं?’ या प्रश्नाला. तिथे परीक्षकाला यादी हवी असते: उद्देश, खर्चकेंद्रं आणि उत्पादनाचं एकक, ओव्हरहेड वाटपाचे आधार, घसारा, मालाच्या इश्यूचे दर, अहवालांचे नमुने. कारखाना मधे आणला की यादीतले दोन मुद्दे राहून जातात आणि सात मिनिटं संपतात.