यादी, कंस की सरळ वाक्य? अहवालातली लघुरूपं उलगडताना

साखर कारखान्याच्या आसवनी विस्ताराचा पर्यावरण अहवाल मराठीत आणायचं काम हातात आलं, की पहिल्या पानावरच पंधरा-वीस लघुरूपं वाट अडवून उभी असतात. बीओडी, सीओडी, ईटीपी, केएलपीडी. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी अशा अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. म्हणजे वाचणारा तज्ज्ञ नसणार हे आधीच ठरलेलं. लघुरूप पहिल्यांदा येईल तिथं ते उलगडावं, यावरही कुणाचं दुमत नाही. दुमत आहे ते कसं उलगडावं यावर. मी तिन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत, आणि आता एकीकडे झुकलो आहे.

यादीचं आधी उरकून घेतो. सुरुवातीच्या पानावर लघुरूपांचा तक्ता द्यायचा आणि आत सगळीकडे लघुरूपच वापरायचं. अनुवादकाला हे सर्वांत सोयीचं, आणि सोय फक्त त्यालाच. ग्रामपंचायतीत अहवाल येतो तेव्हा लोक हवी तेवढीच पानं झेरॉक्स करून नेतात. ती बहुधा पाण्याची आणि राखेची असतात. यादीचं पान कार्यालयातल्या प्रतीतच राहतं. यादी असावी, पण जोडीला.

मग उरतात दोन. एक म्हणजे कंस आणि दुसरी म्हणजे उलगड्यासाठी स्वतंत्र वाक्य. कंसाची पद्धत इंग्रजी अहवालातून जशीच्या तशी येते आणि बहुतेक ग्राहक तीच मागतात. जागा कमी लागते, तपासणाऱ्याला मूळ मजकुराशी ओळीनं ओळ ताडून पाहता येते. मीही कित्येक वर्षं कंसच वापरत होतो. जे सांगतो आहे ते माझ्या टेबलावरचं आहे, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

माझं बिनसलं ते विभक्तीपाशी. इंग्रजीत शब्दाच्या शेपटीला फारसं काही चिकटत नाही, त्यामुळे कंस कुठंही बसतो. मराठीत पहिला उल्लेख क्वचितच प्रथमेत येतो. ‘ईटीपीमधून (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) बाहेर पडणारे पाणी’ असं लिहिलं, तर बाहेरच्या शब्दाला प्रत्यय आहे आणि आतला तसाच कोरडा. आतही ‘केंद्रामधून’ केलं, तर व्याख्या द्यायची होती आणि दिलं सामान्यरूप. उलट फिरवून मराठी नाव बाहेर आणि लघुरूप कंसात घेतलं, तर ‘मधून’ कंसाच्या आधी जोडायचं की नंतर, हा प्रश्न उरतोच. मोठ्यानं वाचून पाहा, जीभ अडखळते. शिवाय लिंगाची कटकट वेगळी. केंद्र नपुंसकलिंगी, पण कारखान्यावरचा माणूस ‘ईटीपी बंद होता’ म्हणतो, कारण त्याच्या मनात प्लांट असतो. कंसवाल्या वाक्यात ‘ते सुरू राहील’ आणि पुढच्याच वाक्यात ‘तो सुरू राहील’, असं माझ्या हातून झालेलं आहे.

हे सगळं चालवून घेतलं असतं. एका कामात मात्र हद्द झाली. मी पूर्ण मराठी नाव सगळीकडे लिहिलं होतं. शेवटच्या दिवशी निरोप आला, की पहिल्या उल्लेखानंतर लघुरूपच हवं. रात्री ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र’ शोधून त्याजागी ‘ईटीपी’ घालण्याची आज्ञा दिली आणि झोपलो. सकाळी पाहतो तर ‘केंद्रात’ होतं तिथं ‘ईटीपीात’, ‘केंद्राचे’ होतं तिथं ‘ईटीपीाचे’. काना बिचारा आधाराविना लटकलेला, पडद्यावर त्याच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ. त्यातही जे उघड तुटलं ते सापडलं. ‘केंद्रे’ असं अनेकवचन होतं तिथं ‘ईटीपीे’ झालं होतं, आणि छोट्या टंकात ती मात्रा नजरेतून निसटली. तशीच छापली गेली.

तेव्हापासून मी पहिल्या उल्लेखासाठी एक आख्खं वाक्य खर्चतो: ‘कारखान्यातील सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राला येथे ईटीपी म्हटले आहे.’ यात नाव आलं, काम कळलं आणि लघुरूप प्रत्ययाविना सुटं राहिलं. पुढे ‘ईटीपीत’, ‘ईटीपीचा’ बिनदिक्कत चालतं, आणि लिंगही पुल्लिंगीच धरायचं, लोक बोलतात तसं. मूळ वाक्याचं एकाचं दोन होतं, हा यातला तोटा. ओळीनं ओळ ताडणारा तपासनीस कुरकुरतो, त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

बीओडीच्या बाबतीत तर वाक्य घेण्यावाचून गत्यंतर नाही असं मला वाटतं. ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’ हा उलगडा शब्दाला शब्द बरोबर आहे. पण ‘मागणी’ वाचून गावातला माणूस विचारणार, ऑक्सिजन मागतंय कोण? त्यापेक्षा मी असं लिहितो: ‘पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो, त्या प्रमाणाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी किंवा बीओडी म्हणतात, तो जास्त असेल तेवढे पाणी दूषित.’ (इथं मी मागणीला सोडून प्रमाणाचा ‘तो’ घेतला आहे, कारण प्रयोगशाळेत सगळे ‘बीओडी किती आला’ असंच विचारतात.) मळीवरच्या आसवनीतून निघणाऱ्या सांडपाण्याचा, म्हणजे स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमच्या घरात असू शकतो आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० आहे. वरचं वाक्य वाचलेल्याला हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही. चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची आहे की २० अंशांवर पाच दिवसांची, हे मूळात दिलं असेल तर त्याच वाक्यामागं जोडून टाकावं. कंसात ते कोंबता येत नाही.

प्रत्येक लघुरूपाला मात्र हा मान देऊ नये. टीसीडी उलगडलंच नाही तरी चालेल असं एखाद्याला वाटेल, कारण ऊसपट्ट्यात ‘पाच हजार टीसीडीचा कारखाना’ शेंबडं पोरही म्हणतं. मी तरी एकदा ‘रोज पाच हजार टन ऊस गाळणारा, म्हणजे ५००० टीसीडीचा’ असं लिहून मोकळा होतो. सीएमडी मात्र मी मराठीत येऊच देत नाही. पाण्याच्या प्रकरणात तो घनमीटर प्रतिदिन असतो आणि शेवटच्या प्रकरणात तोच अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक होऊन सही करतो. दरवेळी ‘घनमीटर प्रतिदिन’ लिहायचं, तेवढी शाई परवडते. ‘जैऑमा’सारखी मराठी लघुरूपं घडवण्याचा मोहही मी सोडला आहे. मनपा रुळलं, पण एमआयडीसीला मऔविम म्हणणारा मला सरकारी कागदाबाहेर भेटलेला नाही.

आणि ‘पहिला उल्लेख’ म्हणजे अहवालातला पहिला नव्हे, प्रत्येक प्रकरणातला पहिला. सारांशात एकदा आणि पर्यावरण व्यवस्थापनाच्या प्रकरणात पुन्हा एकदा, तेच वाक्य, शब्दही न बदलता. झेरॉक्सवाल्या वाचकासाठी एवढं करावंच लागतं.

तुमचा अहवाल बहुतांश तक्त्यांचाच असेल, तर मात्र कंस घ्या, मी हट्ट धरणार नाही. रकान्याच्या मथळ्यात नाव प्रथमेतच असतं आणि प्रत्यय चिकटायला तिथं काही नसतं. मीही तिथं कंसच वापरतो, किंवा तक्त्याखाली एका ओळीची टीप देतो.