ल्युटिन-झियाझँथिनची कॅप्सूल: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

उन्हाळ्यात सुरू केलेली बाटली पावसाळा ओलांडून पुढे गेली. आता तिच्याबद्दल काही सांगता येईल. कॅप्सूल नेहमीचीच आहे: १० मिलिग्रॅम ल्युटिन, २ मिलिग्रॅम झियाझँथिन, दिवसाला एक. ब्रँडचं नाव देत नाही, कारण हे प्रमाण असलेल्या बहुतेक बाटल्यांना पुढचं सगळं लागू पडेल.

आधी ती काय करते ते. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटा पिवळसर भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, ही सगळी कामं त्याची. तिथला पिवळा रंग शरीर स्वतः तयार करत नाही, तो अन्नातून येतो. ल्युटिन आणि झियाझँथिन रक्तातल्या मेदकणांबरोबर, मुख्यतः एचडीएलबरोबर, पडद्यापर्यंत पोचतात. तिथे त्यांना धरून ठेवणारी वेगवेगळी प्रथिनं आहेत. रक्तात ल्युटिन जास्त असतं, पण मॅक्युलाच्या अगदी केंद्रात झियाझँथिन आणि त्याचं भावंड मेसो-झियाझँथिन वरचढ ठरतात. हे मेसो-झियाझँथिन ल्युटिनपासून डोळ्यातच बनतं. म्हणून लेबलवर झियाझँथिनचा आकडा लहान दिसला तरी बिघडत नाही.

हा रंग प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढच्या थरात, त्यांच्या तंतूंमध्ये साठतो. म्हणजे प्रकाश आधी या पिवळ्या थरातून गाळला जातो आणि मग पेशींच्या प्रकाश टिपणाऱ्या टोकापर्यंत पोचतो. सगळ्यात जास्त गाळला जातो तो ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा. ही गाळणी मधल्या दोनेक मिलिमीटरमध्येच दाट असते, कडेला विरळ होत जाते. याशिवाय, प्रकाशामुळे तयार होणारा उपद्रवी ऑक्सिजन ही रंगद्रव्यं शांत करतात. पडद्याच्या पेशींत मेद भरपूर असल्यामुळे तेही महत्त्वाचं.

फरक पडतो का, हे 'डोळ्यांना बरं वाटतं' यावरून कळत नाही. त्यासाठी रंगाची घनता मोजावी लागते. ही सोय सगळ्या दवाखान्यांत नसते, आधी फोन करून विचारावं. यंत्रात निळा आणि हिरवा दिवा आळीपाळीने लुकलुकतो आणि निळ्याची तीव्रता बदलून ही लुकलुक थांबवायची असते. समजा कडेच्या भागात निळ्याचं १ एकक पुरलं आणि केंद्रात २ एककं लागली. २ चा लॉग ०.३, म्हणून घनता ०.३, म्हणजे केंद्रात त्या निळ्या प्रकाशातला निम्माच पलीकडे जातो. काही महिन्यांनी केंद्रात अडीच एककं लागली, तर घनता ०.४ झाली आणि पलीकडे जाणारा निळा ४० टक्क्यांवर आला. आकडा ०.१ नेच वाढला, पण पेशींवर पडणारा निळा एक-पंचमांशाने कमी झाला. दोन्ही मोजण्या त्याच यंत्रावर आणि त्याच आकाराच्या ठिपक्यावर हव्यात, कारण ठिपका लहान घेतला की घनता जास्त दिसते. आणि महिन्याभरात मोजायला धावू नये. रक्तातलं प्रमाण काही आठवड्यांत वाढतं, पडद्यातलं सावकाश. तीन ते सहा महिने धरावेत. काहींच्या डोळ्यांत ते फारसं वाढतच नाही. आधीच भरपूर असणाऱ्यांना वाढायला वाव कमी असतो.

घरबसल्या रंग पाहण्याची एक गंमत आहे. मोजमाप नव्हे, गंमतच. हे रेणू तंतूंच्या दिशेने रचलेले असल्याने ध्रुवीकृत प्रकाश सगळीकडे सारखा शोषत नाहीत. सूर्य मावळताना मिरामारच्या वाळूवर उभं राहून थेट डोक्यावरच्या निळ्या आकाशाकडे टक लावावी. मधोमध एक पुसट पिवळा पट्टा दिसतो, दोन्ही टोकांना जरा रुंद आणि मध्ये चिमटलेला, आणि त्याचा रोख सूर्याकडे असतो. दोन-तीन सेकंदांत तो विरतो. मान थोडी फिरवली की परत उमटतो. हा तुमच्याच मॅक्युलाचा रंग. सूर्याकडे मात्र बघू नये.

आता वापरातल्या गोष्टी. ही द्रव्यं मेदात विरघळतात, त्यामुळे कॅप्सूल कधी घेता याला महत्त्व आहे. सकाळी पेज आणि लोणच्याबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते, कारण त्या ताटात तेल-तूप जवळजवळ नसतंच. दुपारी खोबऱ्याच्या हुमणाबरोबर घेतलेली उत्तम. जेवणाच्या मध्येच गिळावी.

पावसाळ्यात गोव्याची हवा या बाटलीला मानवत नाही. जिलेटिनच्या कॅप्सूल दमटपणाने चिकटून एकमेकींचे गोळे करतात, आणि सोडवताना एखादी फुटली की आतलं नारिंगी तेल बोटांना लागतं, कपड्यांवरून तर निघता निघत नाही. फ्रिजमध्ये ठेवून रोज बाहेर काढली तर थंड बाटलीत हवेतलं पाणी सुटतं, ते आणखी वाईट. पत्र्याच्या पानातली स्ट्रिप घ्यावी किंवा लहान गडद बाटली, आत आर्द्रता शोषणारी पुडी ठेवून. रंग फिका पडलेला किंवा तेलाला खवट वास येणारा माल फेकून द्यावा. उजेड, उष्णता आणि हवा या तिन्हींनी ही द्रव्यं मोडतात.

लेबल वाचताना फसगत इथे होते: 'ल्युटिन १० टक्के, १०० मिलिग्रॅम' असं लिहिलेलं असेल तर प्रत्यक्ष ल्युटिन १० मिलिग्रॅम. पण १० टक्क्यांची पूड १० मिलिग्रॅम असेल तर हाती फक्त १ मिलिग्रॅम येतं. झेंडूच्या फुलांतून काढलेलं ल्युटिन बहुधा मेदाम्लांना जोडलेल्या एस्टरच्या रूपात असतं. त्या रूपात २० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर मुक्त ल्युटिन साधारण निम्मंच धरावं.

दुकानात 'डोळ्यांच्या गोळ्या' म्हणून बीटा-कॅरोटिन असलेली मिश्रणंही मिळतात. सिगारेट ओढणाऱ्यांनी, किंवा पूर्वी ओढत असलेल्यांनीही, ती घेऊ नयेत. त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला आहे. २०१३ साली निकाल आलेल्या एआरईडीएस-२ या अमेरिकन चाचणीत १० आणि २ मिलिग्रॅमचं हेच प्रमाण बीटा-कॅरोटिनच्या जागी वापरून पाहिलं गेलं. ती चाचणी वयानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेच्या मधल्या टप्प्यातल्या, किंवा एका डोळ्यात ती पुढे गेलेल्या लोकांवर होती. ज्यांच्या आहारात ही द्रव्यं सगळ्यात कमी होती, त्यांच्यात फायदा जास्त दिसला. निरोगी तरुणाला स्क्रीनच्या थकव्यावर ती औषध म्हणून विकणं हा निव्वळ धंदा आहे. मोबाइलचा निळा प्रकाश समुद्रकिनाऱ्यावरच्या दुपारपुढे काहीच नाही, आणि त्या दुपारी कॅप्सूल खाल्ली असली तरी टोपी आणि चष्मा लागतोच.

ज्यांच्या ताटात तांबडी भाजी, मशिंगाची पानं किंवा पालक आठवड्यातून तीन-चारदा असतो, त्यांना बाटलीची गरज कमी. भाजी शिजवून, वर ओलं खोबरं घालून खावी. अंड्याच्या बलकात प्रमाण थोडं, पण मेदाबरोबर असल्यामुळे चांगलं अंगी लागतं.

ज्यांनी झीज असल्याचं निदान झाल्यावर ती सुरू केली आहे, त्यांनी आठवड्यातून एकदा चौकटींच्या कागदाकडे बघावं: वाचायचा चष्मा लावून, हातभर अंतरावरून, एकेक डोळा झाकून. एखादी सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मध्ये डाग आला, तर पुढच्या बाटलीची वाट न बघता त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांना फोन करावा. गळणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांवर उपाय डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनचा आहे, कॅप्सूलचा नाही.